ट्रेंडिंग आहे म्हणून बातमी लावताय? आधी त्या हॅशटॅगचा पहिला तास बघा

कोल्हापुरातल्या पेपरांच्या वेब डेस्कवर, न्यूज पोर्टलवर आणि युट्यूब चॅनेलवर बातम्या लावणाऱ्या सगळ्या दादांना आणि ताईंना,

स.न.वि.वि.

मी राजारामपुरीत बसून लोकांची सोशल मीडिया पेजं सांभाळते, म्हणजे दुकानं, क्लासेस, दोन-तीन दवाखाने, असं काम आहे माझं, त्यामुळं दिवसभर डोळ्यासमोर हॅशटॅगच असतात. आणि तुमच्या बातम्या मी रोज वाचते, मनापासून वाचते, म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलंय. गेल्या काही महिन्यांत एक हेडिंग सारखं दिसायला लागलंय, "सोशल मीडियावर कोल्हापूरकरांचा संताप, अमुक हॅशटॅग ट्रेंडिंग". खाली बातमी उघडली की तीन पोस्टचे स्क्रीनशॉट, ट्रेंडिंगच्या यादीचा एक फोटो, आणि संपलं. तो संताप कुणाचा होता, किती जणांचा होता, कोल्हापूरचा होता का बाहेरचा, यातलं काहीच कुणी बघितलेलं नसतं. आणि मग तीच बातमी घेऊन तो टॅग चालवणारे लोक दुसऱ्या दिवशी म्हणतात, बघा पेपरनंसुद्धा छापलंय. त्यांना जे पाहिजे होतं ते तुमच्याकडनं मिळालं, तेही फुकट.

एका टॅगचं सांगते. नाव मुद्दाम घेत नाही कारण नाव घेतलं की परत लोक सर्च करणार आणि त्याला परत हवा मिळणार. आपल्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या प्रकल्पाच्या बाजूनं तो टॅग आला होता, संध्याकाळी चहाच्या वेळेला काहीच नव्हतं आणि जेवायच्या आत भारताच्या ट्रेंडिंगमध्ये वर दिसायला लागला. दोन-तीन ठिकाणी लगेच बातमी लागली, "कोल्हापूरकर प्रकल्पाच्या पाठीशी". मी रात्री बसून सुरुवातीपासूनच्या पोस्ट बघत गेले. काय दिसलं ते पुढं सांगतेच, पण आधी ट्रेंडिंगची यादी बनते कशी ते बोलू, कारण तिथंच सगळा घोळ आहे.

आपल्याला वाटतं ट्रेंडिंग म्हणजे सगळ्यात जास्त लोक ज्यावर बोलतायत ते. तसं नाहीये. एक्सवर, म्हणजे आपल्या जुन्या ट्विटरवर, यादीत काय वर येतं हे एकूण आकड्यापेक्षा वेगावर जास्त ठरतं, म्हणजे नेहमी त्या विषयावर जेवढं बोललं जातं त्याच्या तुलनेत आत्ता एकदम किती वाढलं. हे ट्विटरनं स्वतःच २०१० मध्ये सांगितलं होतं, त्यावेळी विकिलीक्स ट्रेंडमध्ये का नाही, तुम्ही दाबताय का अशी ओरड झाली होती, तर त्यांनी उत्तर दिलं की एखादा विषय खूप लोकप्रिय असला तरी त्याचा वेग नेहमीपेक्षा वाढत नसेल तर तो यादीत येत नाही. आता याचा उलटा अर्थ लावा. ज्या टॅगला मागचा इतिहासच नाही, जो आज सकाळी जन्माला आलाय, त्याचा नेहमीचा आकडा शून्य. त्याच्यावर अर्ध्या तासात थोडक्या अकाउंटनी पोस्टचा मारा केला तरी वाढ प्रचंड दिसते. म्हणून टॅग चालवणारे दरवेळी नवा कोरा टॅग बनवतात, जुन्याच विषयाला मागं एखादा शब्द जोडून, आणि म्हणूनच सगळ्यांना एक वेळ ठरवून देतात, बरोबर सात वाजता सुरू करा, त्याच्या आधी कुणी टाकू नका. आधी टाकलं तर वेग फुटतो ना. ही वेळ ठरवणं हीच त्यांची खरी ताकद आहे आणि आपल्याला पकडायला जागाही तिथंच मिळते.

हे मी मनानं सांगत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मॉरिस जेकेश, किरण गरिमेला आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी भाजप समर्थकांच्या ६०० व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरून हेच काम बघितलं. त्यांना ७५ मोहिमा सापडल्या, प्रत्येकीत टॅग, वेळ आणि आधीच लिहून ठेवलेल्या ट्विट्सची यादी, सदस्यांनी फक्त उचलायचं आणि टाकायचं. या मोहिमांनी निवडणूकभर देशपातळीवरचे शेकडो ट्रेंड उभे केले असं त्यांनी २०२१ मध्ये छापलं. त्यांनी एका पक्षाचे ग्रुप बघितले म्हणून आकडे त्या पक्षाचे, पण पद्धत कुणाच्या मालकीची नाही, सिनेमावाले, क्लासवाले, नेत्यांचे वाढदिवस करणारे सगळे तीच वापरतात. आणि त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, तिथं टाकणारे लोक बहुतेक खरे होते, मनानं टाकत होते, कुणी पैसे घेऊन नव्हे. म्हणजे बॉट नाहीत म्हणून टॅग उत्स्फूर्त, असा हिशोब करता येत नाही.

अशा लिहून दिलेल्या ट्विट्सची यादी कशी असते ते बघायचं असेल तर फेब्रुवारी २०१९ मधला प्रकार आठवा. ऑल्ट न्यूजच्या प्रतीक सिन्हांना भाजपच्या ट्विट्सची अशीच एक ऑनलाइन फाइल उघडी सापडली, कुणीही बदलू शकेल अशी. त्यांनी त्यातली वाक्यं उलटी करून ठेवली, आणि थोड्या वेळानं तीच उलटी वाक्यं, सरकारच्याच विरोधातली, पक्षाच्या अधिकृत अकाउंटवरनं आणि एका केंद्रीय मंत्र्यांच्या अकाउंटवरनं ट्विट झाली. टाकणाऱ्यांनी वाचलंच नव्हतं. पोस्ट टाकणारा आणि पोस्ट लिहिणारा वेगळा असला की असंच होतं, आणि तेच आपल्याला शोधायचं असतं.

आता त्या रात्रीकडं येते. मी काय केलं ते जसंच्या तसं सांगते, तुमच्या डेस्कवर बसलेलं पोरगं-पोरगी कुणीही करू शकतं, अर्धा तास लागतो, कुठलं विकतचं टूल लागत नाही. एक्सच्या सर्चमध्ये हे टाकायचं:

```
#टॅग since:2025-08-02 until:2025-08-03
```

आणि वरचा "टॉप" सोडून "लेटेस्ट" निवडायचं, कारण टॉपमध्ये तुम्हाला गाजलेल्या पोस्ट दिसतात आणि गाजलेल्या पोस्ट बऱ्याचदा उशिराच्या असतात. दुसरी तारीख धरली जात नाही, तिच्या आधीपर्यंतचंच मिळतं. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, हा दिवस आपल्या मध्यरात्री सुरू होत नाही, सर्चचा दिवस जागतिक वेळेनुसार चालतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, त्यामुळं रात्री दीडला सुरू झालेला टॅग तुम्हाला आदल्या तारखेत सापडेल. मग खाली जात जात अगदी पहिल्या पोस्टपर्यंत जायचं आणि तिथनं वर वाचत यायचं. पहिला तास. फक्त पहिला तास नीट वाचायचा.

माझ्यासमोरच्या टॅगमध्ये पहिली पोस्ट आणि तिच्यानंतरच्या बऱ्याच पोस्ट एकाच मिनिटातल्या होत्या. एकालाही कुणाची पोस्ट बघून सुचल्यासारखं वाटत नव्हतं, सगळ्यांना एकदमच सुचलं होतं, आणि सगळ्यांच्या टॅगचं स्पेलिंग पहिल्या सेकंदापासून एकसारखं. हे मला सगळ्यात मोठं लक्षण वाटतं. माणसं आपापली बोलायला लागतात तेव्हा टॅग एक नसतो, पाच-सहा असतात, कुणी मराठीत लिहितो कुणी इंग्रजीत, कुणी टॅगच लावत नाही, आणि मग हळूहळू त्यातला एक पुढं येतो, बाकीचे मागं पडतात.

आपलं नांदणीच्या हत्तिणीचं घ्या. जुलै २०२५ च्या शेवटी कोर्टाच्या आदेशानं ती गुजरातेत अंबानींच्या वनताराला गेली आणि आख्खा जिल्हा उठला. कुणी तिला महादेवी लिहीत होतं, कुणी माधुरी, मराठीत, इंग्रजीत, कन्नडमध्ये, जैन मठाच्या अंगानं बोलणारे वेगळे, कोर्टाबद्दल बोलणारे वेगळे, फक्त तिला नेताना रडणाऱ्या माणसांचा व्हिडिओ टाकून गप्प बसणारे वेगळे. आणि स्क्रीनच्या बाहेर तेवढंच चाललं होतं, लोक अंबानींचं जिओ सोडून मोबाईल कंपनी बदलत होते, सह्यांचे अर्ज भरत होते, ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिसपर्यंत माणसं चालत आली. ती पदयात्रा ठरवून काढलेली होती, निरोप व्हॉट्सॲपवरनंच गेले होते, म्हणजे संघटितच होतं की. पण संघटित आणि उभं केलेलं यात फरक आहे. तिथं आधी माणसं बोलायला लागली आणि मग निरोप फिरला. माझ्या त्या टॅगमध्ये आधी निरोप होता आणि माणसं निरोपानंतर.

दुसरी गोष्ट मजकुराची. पहिल्या तासातली कुठलीही एक पोस्ट घ्यायची, त्यातले सलग सात-आठ शब्द उचलायचे, कुणालाही सहज सुचतील असे नकोत, जरा वेगळे, आणि अवतरण चिन्हात टाकून सर्च करायचं:

```
"वाक्यातले सलग सात-आठ शब्द" #टॅग
```

मी टाकले तर तेच वाक्य अकाउंटमागून अकाउंट येत गेलं, काहींनी पुढं एखादा इमोजी बदललेला, काहींनी दोन वाक्यांची जागा उलटसुलट केलेली, आणि एका वाक्यात पूर्णविरामाच्या आधी चुकून सुटलेली एक जागा होती ती जागासुद्धा सगळीकडं तशीच. दोघांना एक विचार सुचू शकतो, दोघांची चुकलेली स्पेसबार एक असू शकत नाही. काही ठिकाणी तर ओळीच्या सुरुवातीला यादीतला नंबरही तसाच राहिला होता, पोस्टच्या आधी "७)" असं. कुणी स्वतःच्या मनानं लिहिताना सातवा नंबर कशाला टाकेल?

आणि मग मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की कोल्हापूरबद्दलच्या एवढ्या पोस्ट आणि कोल्हापूरचं एक गाव नाही, एक चौक नाही. आपली माणसं लिहायला बसली की पहिला जागेचा पत्ता येतो. पुराच्या दिवसात बघा, २०१९ चा असो नाहीतर २०२१ चा, पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पाठ असतंय, राजाराम बंधाऱ्यावर आत्ता किती फूट आहे, सुतारवाड्यात पाणी शिरलं का, चिखली-आंबेवाडीची माणसं बाहेर काढली का, शिरोलीजवळ हायवे चालू आहे का, अशा पोस्ट असतात. निम्म्या तर प्रश्नच असतात. विचारणारा कुणीतरी, उत्तर देणारा कुणीतरी तिसराच, आणि त्याला चूक म्हणणारा चौथा. त्या प्रकल्पाच्या टॅगमध्ये प्रश्न एकही नव्हता. सगळी विधानं. "कोल्हापूरचा विकास", "कोल्हापूरची जनता", "कोल्हापूरचं भविष्य", यातलं कोल्हापूर काढून सोलापूर टाकलं तरी वाक्याला काही फरक पडला नसता. खाली रिप्लाय उघडले तर रिकामे, किंवा हात जोडलेला इमोजी. ज्यांची जमीन त्या प्रकल्पात जाणार होती असा एकही माणूस पहिल्या तासात नव्हता, ना बाजूचा ना विरोधातला. खऱ्या वादात भांडण दिसतंच, आणि आपल्या जिल्ह्यात तर दिसतंच दिसतं.

तिसरं म्हणजे हात किती. ब्रिटनचे बेन निम्मो म्हणून संशोधक आहेत, त्यांनी २०१९ मध्ये यासाठी एक साधं माप काढलं. एकूण पोस्टमध्ये रिपोस्ट किती टक्के त्याचा दहावा भाग, अधिक सगळ्यात जास्त टाकणाऱ्या ५० अकाउंटचा वाटा किती टक्के, अधिक प्रत्येक अकाउंटमागं सरासरी किती पोस्ट. तिन्हीची बेरीज. मोठ्या, नैसर्गिक चर्चेत ही बेरीज साधारण १२ च्या आत राहते, ढकललेल्या टॅगमध्ये फार वर जाते. माप चांगलं आहे पण आपल्याकडं ते सरळ लावू नका, आणि हे मी कळकळीनं सांगते कारण हा १२ चा आकडा कुणीतरी उचलून आपल्या छोट्या टॅगला लावणार आणि खऱ्या लोकांना पेड ठरवणार. ते माप हजारो-लाखो पोस्टच्या गर्दीसाठी आहे. तुमच्या टॅगमध्ये एकूण माणसंच शंभर-दीडशे असतील तर पहिल्या ५० चा वाटा मोठा येणारच, त्यात कुणाचा डाव नसतो. शिवाय हातानं बघताना रिपोस्ट नेमके कुणाकुणी केले ते सगळं मिळतही नाही.

म्हणून मी त्याचं छोटं रूप वापरते. पहिल्या तासातल्या २०० मूळ पोस्ट घ्यायच्या, रिपोस्ट सोडून, एका एक्सेल शीटमध्ये फक्त अकाउंटचं नाव आणि वेळ लिहायची, आणि बघायचं की २०० पोस्ट किती जणांनी टाकल्या आणि पहिल्या दहा जणांनी त्यातल्या किती. हिशोब कळावा म्हणून सोपे आकडे घेऊन सांगते. समजा एका टॅगमध्ये २०० पोस्ट १५० जणांच्या आहेत आणि पहिल्या दहांच्या मिळून ३०, म्हणजे १५ टक्के. दुसऱ्यात २०० पोस्ट फक्त २४ जणांच्या आणि पहिल्या दहांच्या मिळून १४०, म्हणजे ७० टक्के. पहिल्यात माणूस एकदा बोलून आपल्या कामाला गेला, दुसऱ्यात दहा जण बसून गर्दीचं काम करत होते. मधले आकडे आले, समजा पहिल्या दहांचे ३५-४० टक्के, तर त्यावरनं काही ठरवू नका, उत्साही कार्यकर्ते नाहीतर एखाद्या नटाचे फॅनसुद्धा एवढं करतात. आणि तुलना करायची तर त्याच शहराच्या, त्याच आकाराच्या, ज्याबद्दल तुम्हाला खात्री आहे अशा जुन्या टॅगशी करा, पुण्या-मुंबईच्या टॅगशी नको.

मग त्या पहिल्या दहांची प्रोफाइलं उघडायची. कधी जॉइन झालं ते महिन्यासकट दिसतं. दहातले सहा-सात एकाच महिन्यात उघडलेले असले तर थांबायचं. मागच्या आठवड्यात ते काय टाकत होते ते बघायचं, एक दिवस भोपाळच्या कोचिंग क्लासचा टॅग, एक दिवस साऊथच्या पिक्चरचा, एक दिवस एकदम कोल्हापूरच्या विकासाचा, असं असलं तर तो माणूस कोल्हापूरकर नाही, त्याचा तो धंदा आहे. नोव्हेंबर २०२५ पासून एक्स प्रोफाइलवर अकाउंट कुठल्या देशातनं चालतंय आणि नाव किती वेळा बदललंय हेही दाखवतं. देशावर डोळे झाकून विश्वास नको, व्हीपीएन लावला की ते चुकतं, आणि आपली कितीतरी माणसं दुबईत नाहीतर अमेरिकेत आहेत आणि ती गावच्या विषयावर बोलणारच, बोलावंच त्यांनी. नाव बदलण्याचा आकडा मात्र मला जास्त कामाचा वाटतो. सारखं नाव बदललेलं अकाउंट बहुतेक वेळा विकत घेतलेलं नाहीतर भाड्यानं फिरणारं असतं, एखादा कॉलेजचा पोरगाही नाव बदलत असतो म्हणा, म्हणून हे एकटं लक्षण पुरत नाही.

एक प्रकार असाही आहे ज्यात वरचं काहीच सापडत नाही. तुर्कस्तानात संशोधकांना दिसलं की हॅक झालेल्या साध्या माणसांच्या अकाउंटवरनं टॅग असलेल्या अर्थहीन पोस्ट एकदम टाकल्या जातात आणि काही मिनिटांत डिलीट केल्या जातात, टॅग यादीत चढतो आणि पुरावा गायब. ट्विटर यादी बनवताना डिलीट झालेल्या पोस्ट वजा करत नव्हतं. २०२१ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात तुर्कस्तानच्या रोजच्या पहिल्या पाच ट्रेंडपैकी ४७ टक्के असे उभे केलेले निघाले. तेव्हा टॅग ट्रेंडिंगमध्ये दिसतोय पण लेटेस्टमध्ये मागं गेल्यावर चढायच्या आधीच्या पोस्टच सापडत नाहीत, जवळपास सगळ्या "हे काय ट्रेंड होतंय" म्हणणाऱ्या आणि नंतरच्याच आहेत, तर "पोस्ट कमी म्हणजे काही नाही" असं समजू नका. तो मोकळा भागच तुमचा मुद्दा आहे. फक्त त्यावेळीच स्क्रीनशॉट घ्या, वेळेसकट, दुसऱ्या दिवशी काही उरत नाही.

आणि एवढं करूनही रात्रभर थांबता आलं तर थांबा, माझी खरंच विनंती आहे. चालवलेला टॅग ठरलेल्या दोन-तीन तासांनंतर धाडकन पडतो, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर कुणी बोलत नसतं. माणसांचा विषय असेल तर रात्री झोपतो आणि सकाळी परत उठतो, कुणीतरी नवा फोटो टाकतो, कुणी अधिकाऱ्याला टॅग करून विचारतो, तहसीलदारांचं काही उत्तर आलं की परत वर चढतो. त्या प्रकल्पाच्या टॅगवर मी सकाळी बघितलं तर नवीन पोस्ट होत्या त्या म्हणजे तुमच्याच बातम्यांच्या लिंक.

आता पैशाबद्दल, कारण तुमच्यातले काही जण लगेच "पेड ट्रेंड" असं हेडिंग करतील. नका करू. बाहेरनं बघून संघटित आहे एवढंच कळतं, पैसे दिले-घेतले हे पोस्टवरनं सिद्ध होत नाही. त्याला व्यवहाराचा पुरावा लागतो, निरोपाचा स्क्रीनशॉट, दराचा मेसेज, नाहीतर ज्यानं पैसे घेतले तो स्वतः बोलला पाहिजे. माझ्यासारख्या काम करणाऱ्यांना "ट्रेंड करून देतो, पॅकेज सांगा" असे मेसेज येत असतात, म्हणजे धंदा आहे हे नक्की, पण अमुक टॅग त्यातनं आला हे मी माझ्या शीटवरनं म्हणू शकत नाही आणि तुम्हीही म्हणू नये. वस्तूंच्या जाहिरातीत तरी २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचे नियम आहेत की पैसे घेतले तर इन्फ्लुएन्सरनं तसं लिहायचं, आपल्या इथला एखादा पोरगा हॉटेलची रील करतो तेव्हा त्याला ते लागू होतात. प्रकल्पाच्या, नेत्याच्या, आंदोलनाच्या टॅगवर असं लेबल लावताना मी कुणाला बघितलेलं नाही.

उलटी बाजूही मला तितकीच लागते. कुठल्यातरी गावच्या बायका पाण्यासाठी टॅग चालवतात, बचत गटाच्या ग्रुपवर निरोप जातो, सगळ्याजणी एकच वाक्य टाकतात कारण टायपिंग येत नाही, कुणीतरी लिहून दिलेलं असतं. माझ्या सगळ्या परीक्षेत तो टॅग नापास होईल, एक वेळ, एक मजकूर, सगळं सारखं. म्हणून मजकुरावर थांबू नका, त्यातल्या चार जणींना फोन करा. गाव कुठलं, नळाला शेवटचं पाणी कधी आलं, टाकी कुठं आहे, विचारलं की दोन मिनिटांत कळतंय. त्या बायका सांगतील, हो आम्ही ठरवून टाकलं, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही त्यांच्याकडं. मी त्या रात्री त्या टॅगच्या पहिल्या दहांना मेसेज केला होता, आपण कोल्हापुरात कुठं राहता एवढंच विचारलं. दोघांनी ब्लॉक केलं, बाकीच्यांचं उत्तर नाही.

इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर मात्र हे सगळं चालत नाही हे स्पष्ट सांगते. इन्स्टावर आता हॅशटॅगखाली वेळेच्या क्रमानं पोस्ट दिसतच नाहीत, त्यामुळं पहिला तास बघायची सोयच नाही, आणि मेटाचं क्राउडटँगल नावाचं टूल पत्रकार वापरायचे ते ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. एक्सनंही २०२३ मध्ये डेटा घ्यायची फुकटची सोय बंद केली, म्हणून तर हातानं शीट भरायची वेळ आली. तेव्हा "इन्स्टावर कोल्हापूरकरांचा ट्रेंड" असं लिहायला तुमच्याकडं आधारच नसतो. तिथं फार तर "या विषयावर रील दिसतायत" एवढं लिहिता येतं.

माझं मागणं एवढंच आहे. ट्रेंडची बातमी लावायची तर त्यात पोस्ट किती बघितल्या, त्या किती अकाउंटच्या होत्या, सुरुवात किती वाजता झाली आणि एकसारखा मजकूर सापडला का, ही चार वाक्यं बातमीतच लिहा, हेडिंगखाली, शेवटी नको. चार वाक्यं लिहायला जमत नसेल तर "कोल्हापूरकरांचा" हा शब्द काढा. आणि ज्या बातम्या आधी लागून गेल्यात आणि नंतर टॅग चालवलेला निघाला, त्या डिलीट करू नका, वर दुरुस्ती लिहा, कारण डिलीट केली तरी त्यांचे स्क्रीनशॉट त्या लोकांकडं आहेतच आणि ते प्रचारात फिरवत राहणार, वाचणाऱ्याला मग खरं काय ते कुठंच सापडत नाही.

शीट कशी भरायची हे दाखवायला मी कुणाच्याही ऑफिसला यायला तयार आहे, शनिवारी दुपारी मोकळी असते, त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
राजारामपुरीतली एक वाचक